इंग्रजी वाक्यावरून व्हिएतनामी वाक्य कसे बांधावे

व्हिएतनामी शिकणाऱ्या मराठी माणसाने वाक्याचा सांगाडा मराठीतून घेऊ नये, इंग्रजीतून घ्यावा. मराठीत क्रियापद शेवटी येते, ‘मी कॉफी पितो’. व्हिएतनामीत ते इंग्रजीसारखे मध्ये बसते: ‘तोय उओंग का फे’, म्हणजे मी, पिणे, कॉफी. कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम इंग्रजीचाच, त्यामुळे अर्धे काम आयते होते.

उरलेले अर्धे काम नामाभोवतीचे. तिथे इंग्रजी आणि मराठी दोन्ही सारख्याच फसवतात, कारण दोन्हींत विशेषण आधी आणि नाम नंतर येते. व्हिएतनामीत आधी वस्तू सांगायची, मग ती कशी आहे ते. सायगावच्या कॉफीच्या दुकानात ‘का फे सुआ दा’ मागतात. शब्दशः कॉफी, दूध, बर्फ. मुख्य वस्तू पहिली, तिची जात तिला चिकटून, आणि पुढचा तपशील त्यामागे.

इथे उच्चार देवनागरीत जवळपासचे दिले आहेत, तेही हनोईकडचे. व्हिएतनामीचे सूर देवनागरीत दाखवता येत नाहीत. वरच्या ‘दा’चा अर्थ बर्फ, पण वेगळ्या सुरात तोच ‘दा’ भूतकाळ दाखवतो. तेव्हा उच्चार ऐकून शिकावेत, इथून फक्त क्रम घ्यावा.

आता एक वाक्य पूर्ण बांधू: ‘माय मदर बॉट टू रेड वुलन स्वेटर्स यस्टरडे.’

पायरी १: वाक्य सोलून घ्या

इंग्रजी वाक्यातून काळ, अनेकवचन आणि ‘अ’, ‘द’ ही उपपदे काढून टाका. व्हिएतनामी क्रियापद कधीच बदलत नाही. विकत घेणे म्हणजे ‘मुआ’, मग ते काल असो की उद्या, मी घेतले असो की तिने. नामालाही अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. आपल्या हातात उरते: आई, माझी, घेणे, दोन, लाल, लोकरी, स्वेटर, काल.

पायरी २: नामाचा गठ्ठा उलटा करा

‘रेड वुलन स्वेटर’ उजवीकडून डावीकडे वाचा. ‘आओ’ म्हणजे अंगात घालायचा वरचा कपडा, ‘लेन’ म्हणजे लोकर, ‘दॉ’ म्हणजे लाल. झाले ‘आओ लेन दॉ’. लोकर ही कपड्याची जात, म्हणून ती नामाला लागून. रंग त्यानंतर. इंग्रजीत नामाच्या सर्वांत जवळ असलेला शब्द व्हिएतनामीतही जवळच राहतो, फक्त बाजू बदलते.

‘माझी’सुद्धा मागे जाते. ‘मे तोय’, म्हणजे आई मी. घरच्या माणसांच्या बाबतीत इतके पुरते. वस्तू असेल तर मध्ये ‘कुआ’ घालतात: ‘न्या मोइ कुआ तोय’, घर नवे चे मी, म्हणजे माझे नवे घर.

पायरी ३: संख्या मात्र पुढेच ठेवा

उलटे करण्याच्या भरात बरेच जण आकडाही मागे ढकलतात. तो जागेवरच राहतो. ‘पुष्कळ’ या अर्थाचा ‘निएउ’ही नामाच्या आधीच येतो: ‘निएउ आओ’, पुष्कळ कपडे. इंग्रजी व्याकरणात ‘मेनी’ विशेषणासारखे शिकवतात, म्हणून ते हमखास चुकते.

शिवाय आकडा आणि नाम यांच्यामध्ये एक मोजशब्द लागतो. आपण ‘तीन जण’ म्हणतो त्यातला ‘जण’ याच जातीचा, फक्त आपल्याकडे तो माणसांपुरता आहे. व्हिएतनामीत निर्जीव वस्तूला साधारण ‘काय’ आणि प्राण्याला ‘कॉन’ लावतात. दोन म्हणजे ‘हाय’. तेव्हा दोन लाल लोकरी स्वेटर झाले ‘हाय काय आओ लेन दॉ’.

पायरी ४: सांगाड्यात बसवा

काल म्हणजे ‘होम क्वा’. तो शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवावा, म्हणजे काळ तिथेच ठरून जातो. पूर्ण वाक्य: ‘होम क्वा मे तोय मुआ हाय काय आओ लेन दॉ.’ काल शब्द असला की वेगळी खूण लागत नाही. नसेल आणि गरज वाटली, तर क्रियापदाच्या आधी झालेल्यासाठी ‘दा’, चालू असलेल्यासाठी ‘दांग’ आणि होणाऱ्यासाठी ‘से’ ठेवतात. नवशिके प्रत्येक वाक्यात ‘दा’ घालतात. वाक्य कळते, पण कानाला जड लागते.

पायरी ५: ‘आहे’ कुठे गाळायचे ते ओळखा

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळ्यात जास्त घसरण इथेच होते. व्हिएतनामीत ‘ला’ हा शब्द इंग्रजी ‘इज’सारखा दिसतो, पण तो नामाला नामाशी जोडतो. ‘दय ला न्या मोइ कुआ तोय’, हे माझे नवे घर आहे. इथपर्यंत ठीक. पण ‘हा कपडा सुंदर आहे’ म्हणताना ‘ला’ येत नाही. विशेषण स्वतःच विधेय होते.

मग ‘सुंदर कपडा’ आणि ‘कपडा सुंदर आहे’ यांत फरक कसा करायचा? दोन्हीकडे विशेषण नामानंतरच आहे. उत्तर ‘नय’ या छोट्या शब्दात आहे. ‘नय’ म्हणजे हा किंवा हे, आणि वर्णनाचा गठ्ठा तिथे मिटतो. ‘काय आओ देप नय’ यात ‘देप’ (सुंदर) गठ्ठ्याच्या आत आहे, म्हणून अर्थ होतो ‘हा सुंदर कपडा’ आणि वाक्य अजून अपुरे आहे. ‘काय आओ नय देप’ यात गठ्ठा आधी मिटला आणि ‘देप’ बाहेर राहिला, म्हणून अर्थ होतो ‘हा कपडा सुंदर आहे’. शब्द तेच चार, फक्त शेवटच्या दोघांनी जागा बदलल्या. मला हा या भाषेतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

हे बसले की नकार सोपा आहे. ‘खोंग’ हा शब्द क्रियापदाच्या किंवा विशेषणाच्या आधी: ‘काय आओ नय खोंग देप’, हा कपडा सुंदर नाही. ‘तोय खोंग उओंग का फे नॉङ’, मी गरम कॉफी पीत नाही. पण दोन नामांमध्ये ‘ला’ असेल तर नुसता ‘खोंग’ चालत नाही, ‘खोंग फाय ला’ म्हणावे लागते.

नियम कुठे मोडतो

चिनी भाषेतून आलेले जुने जोडशब्द उलटे करू नयेत. विद्यापीठाला ‘दाय हॉक’ म्हणतात. यात ‘दाय’ म्हणजे मोठे आणि ‘हॉक’ म्हणजे शिक्षण. विशेषण आधी आहे, कारण शब्द चिनी क्रमाने घडलेला आहे. तो अख्खा एक शब्द समजून तसाच उचलावा. गंमत म्हणजे त्याला संस्था या अर्थाचा ‘चुओंग’ जोडला की पुन्हा देशी क्रम लागू होतो आणि मुख्य शब्द पुढे येतो: ‘चुओंग दाय हॉक’.

‘तोय’ हा ‘मी’ सरावासाठी बिनधोक आहे, कारण तो तटस्थ आहे. प्रत्यक्ष बोलताना मात्र समोरच्याच्या वयाप्रमाणे दादा, ताई, धाकटा अशा नात्यांचे शब्द ‘मी’ आणि ‘तू’च्या जागी येतात. क्रमाला त्याने धक्का लागत नाही. कर्त्याच्या जागी तो शब्द ठेवला की बाकी वाक्य जसेच्या तसे राहते.