रात्री चिंब घाम आणि उतरत चाललेलं वजन : या चुका टाळा

डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा थंडीत एखादा माणूस मध्यरात्री घामाने निथळून उठत असेल, बनियन आणि उशीचा अभ्रा बदलल्याशिवाय त्याला पुन्हा झोपता येत नसेल आणि हे तीन-चार आठवडे चाललं असेल, तर दोष पांघरुणाचा नाही. त्यात वजनही उतरत असेल तर दोन गोष्टींचा शोध सगळ्यात आधी घ्यावा लागतो : क्षयरोग, म्हणजे टीबी, आणि लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. आपल्या भागात टीबी कितीतरी जास्त आढळतो, म्हणून पहिला संशय त्याचाच. पण दोन्हींची सुरुवात इतकी सारखी असते की नुसत्या लक्षणांवरून त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. आणि औषधं मात्र एकाची दुसऱ्याला चालत नाहीत.

पुढची हकीकत कुणा एकाची नाही. पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या फायलींतून जुळवलेली आहे. पिंपळगाव बसवंतकडचा पस्तिशीतला बागायतदार. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी वजन 71 किलो. डिपिंग, विरळणी, फवारण्या यांत दोन महिने गेले. डिसेंबरच्या मध्याला पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं आणि काटा दाखवत होता 63.

“धावपळीने वाळलाय”

पहिली चूक घरातच होते. बागेच्या हंगामात माणूस वाळतोच, असं सगळे म्हणतात आणि ते पूर्ण खोटंही नाही. पण धावपळीने दोनेक किलो जातात, दोन दिवस नीट जेवलं-झोपलं की परत येतात. इथे 71 पैकी 8 किलो गेले, म्हणजे अकरा टक्के. काही न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्के वजन गेलं तरी कारण शोधावं लागतं. लिम्फोमाच्या बाबतीत सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त घट, चिंब करणारा घाम आणि 38 अंश सेल्सिअसच्या वरचा अकारण ताप ही तीन लक्षणं डॉक्टर आवर्जून विचारतात, कारण आजाराची पायरी ठरवताना त्यांची नोंद होते.

“जरा बारीक झालोय” एवढं सांगून भागत नाही. एकच काटा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आठवड्यातून एकदा. आकडा कॅलेंडरवर लिहायचा. जुनं वजन आठवत नसेल तर एखाद्या जुन्या केसपेपरवर किंवा रक्तदानाच्या कार्डावर सापडतं. ताप संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास थर्मामीटरने मोजायचा, कपाळाला हात लावून नाही. टीबीचा ताप बहुधा संध्याकाळी येतो आणि इतका बारीक असतो की हाताला कळत नाही. घाम आणि तापाच्या नोंदी चालू असताना रोज रात्री स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल घेऊ नका. ताप उतरताना या गोळीनेही घाम फुटतो आणि मग कुठला घाम आजाराचा, कुठला गोळीचा, ते सांगता येत नाही.

घामाचाही एक फरक सांगून ठेवतो. पाळी जायच्या वयातल्या बाईला रात्री गरम वाफा येतात, घाम येतो, पण त्याने किलोच्या किलो वजन जात नाही. थायरॉइड वाढलं की वजन उतरतं, पण घाम दिवसाही येतो, छाती धडधडते आणि भूक उलट वाढते. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला रात्री साखर खाली गेल्याने दरदरून घाम सुटतो. ती त्याच वेळी ग्लुकोमीटरवर मोजली की कळतं. म्हणून साखर, थायरॉइडसाठी टीएसएच आणि एचआयव्ही या तपासण्या पहिल्याच फेरीत करून घ्याव्यात. मधुमेह असल्याचं कळलं की तिथेच शोध थांबवण्याचाही मोह होतो. थांबवू नये, कारण मधुमेह असणाऱ्याला टीबीचा धोका जास्त असतो आणि दोन्ही एकत्र सापडतात.

विडाल पॉझिटिव्ह, मग सलाईन, मग “शक्तीचं” इंजेक्शन

आपल्या बागायतदाराची विडाल चाचणी पॉझिटिव्ह आली. “टायफॉइड आहे” असं सांगून सलाईन लागलं, लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स झाला, सोबत दोन-तीन इंजेक्शनं. चार-पाच दिवस घाम थांबला, भूक लागली, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या आठवड्यात सगळं परत सुरू.

या एका टप्प्यात दोन पुरावे पुसट होतात. विडाल एकदाच केली तर आपल्याकडे ती फारसं काही सिद्ध करत नाही. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा लस घेतली असेल तरी ती पॉझिटिव्ह येते. दीड-दोन महिने रात्री चिंब करून आठ किलो वजन नेणारा टायफॉइड मला तरी पटत नाही. टायफॉइडचा संशय असेलच, तर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणारी तपासणी, हवी.

त्याहून नुकसान औषधांचं. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही एकाच कुटुंबातली औषधं टीबीच्या जंतूवरही चालतात. पाच-सात दिवसांच्या कोर्सने टीबी बरा होत नाही. तो थोडा दबतो, थुंकीत सापडेनासा होतो, निदान लांबतं आणि जंतू त्या औषधाला निर्ढावण्याची वाट मोकळी होते. आणि “शक्तीचं” म्हणून दिलेल्या इंजेक्शनात डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असेल तर भूक वाढते, ताप उतरतो, माणूस तरतरीत दिसतो. लिम्फोमाची गाठ स्टिरॉइडने काही दिवस आक्रसते, आणि अशा वेळी काढलेल्या तुकड्यात रोगाच्या पेशी ओळखता येत नाहीत. म्हणून इंजेक्शन घेताना “यात स्टिरॉइड आहे का?” हे सरळ विचारा, आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी फाइलला लावा. पुढच्या डॉक्टरला तीच आधी लागते.

एक्स-रे साफ, म्हणजे टीबी नाही?

इथे बरेच जण निर्धास्त होतात. टीबी फुफ्फुसातच होतो असं नाही. मानेच्या गाठी, मणका, पोट, फुफ्फुसाभोवतीचं आवरण, कुठेही होतो. खोकला नसतानाही होतो. रक्ताच्या तपासणीत ईएसआर वाढलेला असला तर शरीरात काहीतरी दाह आहे एवढंच कळतं. हाताच्या कातडीत सुई टोचून केलेली मँटू चाचणी सांगते की जंतूची शरीराला ओळख आहे. आज आजार आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही.

खोकला असेल तर थुंकी तपासायची, आणि ती नीट द्यायची. डबीत लाळ दिली की रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि त्याचीच खात्री धरली जाते. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, मोकळ्या जागी उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खाकरून घट्ट बेडका डबीत टाकायचा. शक्य तर दोन नमुने, त्यातला एक पहाटेचा. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीपेक्षा सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी कमी जंतूही पकडते आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, तेही लगेच कळतं. सरकारी यंत्रणेत ही तपासणी आणि टीबीची औषधं मोफत आहेत. नाशिकात त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. टीबीसाठीची निक्षय संपर्क हेल्पलाइन 1800-11-6666 आहे.

गाठ दुखत नाही म्हणून सोडून देणं

बागायतदाराच्या डाव्या कॉलरबोनच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर बोराएवढी गाठ होती. दाढी करताना महिनाभर हाताला लागत होती. दुखत नव्हती म्हणून तो बोलला नाही. दात किंवा घसा बिघडला की जबड्याखाली येणारी गाठ बहुधा दुखते आणि दोन-तीन आठवड्यांत बसते. न दुखणारी, चार आठवड्यांनीही न बसणारी गाठ तपासायला हवी, आणि कॉलरबोनच्या वरची तर लहान असली तरी.

सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी झाली. रिपोर्ट आला : “ग्रॅन्युलोमा, टीबीशी सुसंगत”. ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहाच्या पेशींचा पुंजका. जंतू दिसला नव्हता. सगळा नमुना काचपट्ट्यांवर गेला होता, सीबीनॅटला काहीच उरलं नव्हतं. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा आठवडे झाले तरी घाम तसाच, वजन आणखी दोन किलो कमी, गाठ मोठी.

“सुसंगत” याचा अर्थ “सिद्ध झालं” असा होत नाही. हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीतही शेजारी ग्रॅन्युलोमा दिसू शकतात, आणि सुईला नेमका तोच भाग लागला तर रिपोर्ट असा येतो. दुसरी बाजूही सांगायला हवी : टीबीच्या गाठी योग्य औषध चालू असतानाही काहींच्या मध्येच वाढतात. त्यामुळे गाठ वाढली एवढ्यावरून गोळ्या बंद करू नका. पण टीबी खरोखर असेल आणि औषध लागू पडत असेल तर ताप नि घाम पहिल्या काही आठवड्यांत ओसरतात आणि काटा वर सरकायला लागतो. तसं काहीच होत नसेल, तर पहिल्या निदानाकडे पुन्हा बघायची वेळ आली आहे : एकतर जंतू औषधाला दाद देत नाही, किंवा हा टीबीच नाही.

त्याची अख्खी गाठ काढून तपासली. लिम्फोमाचा संशय असेल तेव्हा सुईपेक्षा हेच बरं, कारण त्या निदानाला सुट्या पेशी पुरत नाहीत, गाठीची आतली रचना दिसावी लागते. यावेळी शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवलं होतं की गाठीचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा साध्या नॉर्मल सलाईनमध्ये जाईल. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग जंतू वाढवून बघता येत नाही, म्हणजे कल्चर होत नाही. हे ऑपरेशन थिएटरमध्ये घाईत विसरलं जातं, म्हणून नातेवाइकांनी आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं चांगलं. सलाईनमधल्या भागात टीबी सापडला नाही. फॉर्मेलिनमधल्या भागावर पेशींची जात ओळखणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री झाली आणि हॉजकिन लिम्फोमा निघाला. केमोथेरपीने बहुतांश रुग्णांत बरा होणारा कॅन्सर आहे हा. त्याचा घाम पहिल्या केमोनंतर काही दिवसांत थांबला.

मधल्या काळात घरच्यांनी बायोप्सी दोनदा पुढे ढकलली होती, “सुरी लागली की पसरतो” म्हणून. गाठीचा तुकडा काढल्याने लिम्फोमा पसरत नाही. आणि गाठीत टीबी निघाला असता, तर सलाईनमधल्या त्याच तुकड्यावरून कुठलं औषध चालेल हे कळलं असतं.

या सगळ्यात थुंकीतून रक्त आलं, आडवं झाल्यावर दम लागला, चेहरा आणि मान सुजली, किंवा डोकं सतत दुखून उलट्या आणि गोंधळलेपणा सुरू झाला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.