बुकिंग कन्फर्मेशनच्या मेसेजमधल्या या चुका टाळा

लग्नाच्या फोटोग्राफीचं बुकिंग झालं की बहुतेक फोटोग्राफर व्हॉट्सॲपवर असं काहीतरी पाठवतात:

"नमस्कार काका, १४ तारखेचं बुकिंग कन्फर्म. ३० हजार मिळाले. बाकी प्रोग्रामनंतर. कॅन्सल केल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही. धन्यवाद 🙏"

यात खोटं काहीच नाही, पण भांडणाच्या तीन-चार जागा आहेत.

पहिली जागा तारखेची. घरात बोलणं तिथीवर चालतं आणि हळद, सीमान्तपूजन आदल्या दिवशी असतं. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, वार आणि वेळ लिहा. वार लिहिला की चुकीची तारीख लगेच डोळ्यात येते.

"३० हजार मिळाले", पण कोणाकडून? बोलणी नवरीच्या वडिलांशी होतात, पैसे येतात मामांच्या खात्यातून. पुढे परत द्यायची वेळ आली की दोघंही फोन करतात. त्यामुळे रक्कम, तारीख, पाठवणाऱ्याचं नाव आणि यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक लिहून टाका, परतावा त्याच खात्यात जाईल हेही लिहा. जीएसटी नोंदणी असेल तर एकूण रक्कम करासह आहे की कर वेगळा, हे इथेच सांगा. शेवटच्या बिलात १८ टक्के अचानक दिसले तर कोणीही चिडेलच.

सर्वात जास्त पैसे अडकतात ते "बाकी प्रोग्रामनंतर" या दोन शब्दांत. फोटोग्राफरच्या मनात लग्नाची संध्याकाळ असते, यजमानांच्या मनात अल्बम हातात येण्याचा दिवस. अल्बम रखडतो, कारण फोटो निवडून द्यायला घरच्यांनाच वेळ होत नाही. म्हणून बाकीचे दोन भाग करा. मोठा भाग लग्नाआधी ठरलेल्या तारखेला, छोटा अल्बम छपाईला जाण्याआधी. "आठवडाभर आधी" असं मोघम लिहू नका, तारीख मोजून लिहा.

रद्द करण्याच्या अटीत सगळे एकच वाक्य लिहितात आणि तेही एकतर्फी. खरं तर लग्न मोडण्यापेक्षा पुढे ढकललं जाण्याची शक्यता जास्त: सुतक येतं, हॉल मिळत नाही, कोणीतरी आजारी पडतं. त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नसतो. फोटोग्राफरच येऊ शकला नाही तर काय, तेही नसतं. काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन "कधीही रद्द केलं तरी पूर्ण रक्कम द्यावी लागेल" असं ठोकून देतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त तिची कमाल मर्यादा. दोन महिने आधी कळलं तर ती तारीख पुन्हा भरता येते, आठवडाभर आधी कळलं तर नाही. अट या फरकावर बेतली की ती समोरच्यालाही पटते.

तोच मेसेज नीट केला तर असा होईल:

> नमस्कार काका, आपलं बुकिंग पक्कं झालं आहे.
> हळद: शनिवार, १३ फेब्रुवारी २०२७, सायं. ५ ते ९.
> लग्न: रविवार, १४ फेब्रुवारी २०२७, सकाळी ८ ते दु. ४.
> एकूण ₹९०,००० (करासह).
> १० ऑगस्ट २०२६ रोजी ₹३०,००० ॲडव्हान्स मिळाला (पाठवणारे: …, व्यवहार क्र. …).
> बाकी ₹६०,०००: ७ फेब्रुवारी २०२७ पर्यंत ₹४५,००० आणि अल्बम छपाईला जाण्याआधी ₹१५,०००.
> १६ डिसेंबर २०२६ पर्यंत रद्द केल्याचं लेखी कळवल्यास ₹१०,००० वजा करून ₹२०,००० पंधरा दिवसांत त्याच खात्यात परत. त्यानंतर रद्द केल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही.
> तारीख पुढे गेल्यास आणि नव्या तारखेला मी मोकळा असल्यास ॲडव्हान्स एकदा वळता होईल. सहा महिन्यांच्या आतली तारीख हवी.
> माझ्याकडून रद्द झाल्यास मिळालेली सर्व रक्कम परत.

१६ डिसेंबर म्हणजे लग्नाच्या बरोबर ६० दिवस आधी. "६० दिवस" लिहिलं असतं तर लग्नाचा दिवस धरायचा की नाही, यावरही वाद घालणारे भेटतात.

मेसेज कितीही चोख असला तरी पैसे घेतल्यावर अटी पाठवल्या तर यजमान म्हणणार, "हे आधी कुठे सांगितलं होतं?" आणि त्यांचं बरोबर असेल. अटींचा मसुदा आधी पाठवा, त्यावर "मान्य" असं उत्तर घ्या, मग ॲडव्हान्स घ्या. पावतीच्या मेसेजमध्ये त्याच अटी शब्दही न बदलता पुन्हा टाका. नुसता अंगठा पुरेसा धरू नका, तो "वाचलं" म्हणूनही टाकला जातो. आणि त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू नाही ना, ते बघा. ती ९० दिवसांवर असेल तर ऑगस्टमधली पावती डिसेंबरमध्ये दोघांच्याही फोनवर सापडणार नाही, म्हणून पीडीएफ करून ईमेलवरही पाठवा.