गुणतक्त्यातील चुका कशा पकडाव्यात

पुण्यातील एखाद्या शाळेचा नववीचा वर्ग घेऊ. मुले ४५, विषय सहा, प्रत्येकाचे कमाल गुण ८०. एक्सेलमध्ये A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव, C ते H मध्ये गुण आणि I मध्ये कागदी गुणपत्रकावरची बेरीज. दुसऱ्या ओळीत प्रत्येक विषयाचे कमाल गुण लिहा. मुले तिसऱ्या ओळीपासून ४७व्या ओळीपर्यंत.

आधी C3:H47 निवडून Conditional Formatting मध्ये New Rule घ्या, सूत्राचा पर्याय निवडून हे लिहा आणि लाल रंग द्या:

```
=AND(C3<>"AB",OR(NOT(ISNUMBER(C3)),C3<0,C3>C$2))
```

८० च्या वरचे गुण, रिकामे घर आणि मजकूर म्हणून बसलेला आकडा, तिन्ही लाल होतील. गैरहजेरीचे AB तेवढे सोडले जाईल. नुसते C3>C$2 लिहू नका. एक्सेल मजकुराला संख्येपेक्षा मोठा धरते, त्यामुळे प्रत्येक AB उगाच रंगते. मजकूर झालेला आकडा जास्त घातक, कारण दिसतो नेहमीसारखा, पण SUM त्याला बेरजेत घेतच नाही.

लाल घरे दुरुस्त झाली की J3 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=I3-SUM(C3:H3)
```

शून्य नसेल तिथे थांबा. समजा १७ क्रमांकाच्या मुलाचे गुण ६१, ५८, ४७, ६६, ५२, ७० असे भरले आहेत. बेरीज ३५४ येते, कागदावर ३८१ आहे. फरक २७. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आधी अंकांची अदलाबदल झाली का ते पाहा: दोन अंक उलटे पडले की फरक त्या अंकांमधल्या अंतराच्या नऊपट होतो. २७ म्हणजे अंतर ३. असे अंतर ५८, ४७ आणि ५२ मध्ये आहे. आपल्याला २७ वाढायला हवेत. ५२ उलटे केले तर कमी होतात, ५८ चे ८५ झाले तर ८० ओलांडतात. उरले ४७, म्हणजे ७४ असावेत. तरी घर बदलण्याआधी उत्तरपत्रिका पाहाच. नऊचा भाग योगायोगानेही जातो, आणि कधी कधी कागदावरची बेरीजच चुकलेली असते.

ही तपासणी खरी ठरायची तर I मधली बेरीज कागदावरून यायला हवी. तिथे SUM टाकले तर चुकीचे गुण स्वतःशीच जुळतील.

एकाच मुलाचे गणित आणि विज्ञानाचे गुण आपापसांत बदलले तर आडवी बेरीज बिघडत नाही. म्हणून ४८व्या ओळीत प्रत्येक विषयाची उभी बेरीज घ्या आणि विषयशिक्षकांच्या यादीच्या बेरजेशी ताडा. उलट, एखाद्या विषयाच्या स्तंभात काही मुलांचे गुण एकमेकांच्या ओळीत पडले तर उभी बेरीज जुळते, पण J मध्ये त्या ओळींत फरक दिसू लागतो.

दोन मुलांच्या अख्ख्या ओळी, बेरजेसकट, एकमेकांच्या नावापुढे पडल्या तर यातली कोणतीही तपासणी बोलत नाही. त्यासाठी एकाने कागदावरून क्रमांक, नाव आणि बेरीज मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे.