चाळीस खोके गेले, छत्तीस परतले: कारखान्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना

ऑर्डर सांभाळायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हे ठरवण्याचं काम पहिल्यांदा अंगावर आलं की आपण डेमो बघत सुटतो. मीही तेच केलं. कारखाना कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला, वीस-बावीस माणसांचा. पत्रा कापून, वाकवून, वेल्ड करून विजेच्या पॅनलचे खोके बनवायचे आणि पावडर कोटिंगसाठी ते मडकईला दुसऱ्याकडे पाठवायचे. मालकांसमोर तीन पर्याय होते: पणजीतल्या एका प्रोग्रामरकडून खास आपल्यापुरती प्रणाली लिहून घेणं, ERPNext हे ऑर्डर, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारं मुक्तस्रोत ईआरपी आपल्या कामाप्रमाणे बसवून घेणं, किंवा महिन्याला पैसे भरून तयार ऑनलाइन सॉफ्टवेअर वापरणं.

तीन डेमो झाले तरी काही ठरेना, कारण डेमोत सगळीकडेच ऑर्डर येते, माल बनतो आणि बिल निघतं. शेवटी स्टोअरकीपर काका म्हणाले, "चवथीच्या आधी घोळ झालेली ती ऑर्डर घेऊन बस." त्यांचं ऐकलं आणि कामाला दिशा मिळाली.

ती ऑर्डर चाळीस खोक्यांची होती. चाळीसही मडकईला गेले आणि छत्तीस रंगून आले. उरलेले चार पुढच्या गाडीत येणार होते, पण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. वहीत 'कोटिंग झालं' अशी खूण पडली, गाडी भरताना चार कमी निघाले आणि तेवढ्यात चवथीच्या सुट्ट्या लागल्या. म्हणजे आमची अडचण बिलात नव्हती. माल आपला, पण दुसऱ्याच्या जागेत. शिवाय जाताना तो कोरा खोका असतो आणि येताना रंगीत खोका, म्हणजे नोंदीच्या दृष्टीने वेगळीच वस्तू. जीएसटीतही याला महत्त्व आहे. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट माल वर्षभरात परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरून कर लागतो. त्यामुळे कोणत्या चलनावरचे किती नग बाहेर आहेत, हे रोज दिसायला हवं.

मग हीच ऑर्डर तिन्हीकडे चालवून पाहिली. आम्ही पाहिलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये कोटिंगवाल्याच्या नावाचं एक गोदाम उघडून माल तिथे हलवता येत होता. पण कोऱ्याचा रंगीत खोका करायला हाताने वेगळी नोंद करावी लागे आणि कोटिंगच्या बिलाशी तिचा काही संबंध लागत नसे. महिन्याला दोन-चार खेपा असत्या तर मी हेच घ्या म्हटलं असतं, कारण सर्व्हर आणि बॅकअपची जबाबदारी त्यात आपल्यावर येत नाही. आमच्या आठवड्याला पाच-सहा खेपा होत्या.

ERPNext मध्ये खरेदी ऑर्डरवर `Is Subcontracted` ही खूण केली की पुढचा रस्ता तयार असतो. `Subcontracting Order` निघते, कोरे खोके पुरवठादाराच्या नावच्या गोदामात जातात आणि `Subcontracting Receipt` करताना जेवढे रंगीत नग आत येतात तेवढेच कोरे वजा होतात. छत्तीस आले तर चार तिथेच दिसत राहतात. कोटिंगची मजुरीही रंगीत खोक्याच्या किमतीत आपोआप चढते.

प्रोग्रामरही हे लिहून देऊ शकला असता, यात शंका नाही. पण साठा, चलन, जीएसटी हे सगळं त्याने नव्याने लिहायचं आणि नियम बदलला की पुन्हा त्याच्याच दारात जायचं, हे मला पटलं नाही. म्हणून ERPNext घेतलं. प्रोग्रामरकडून आम्ही फक्त एक छोटी गोष्ट करून घेतली, जी दुसरीकडे मिळत नव्हती: गिऱ्हाईकाचं माप टाकलं की पत्रा किती लागेल याचा हिशेब. १.६ मिमी पोलादी पत्रा चौरस मीटरला साधारण १२.५६ किलो भरतो. २५०० × १२५० मिमीचा एक पत्रा ३९.२५ किलोचा, त्यातून किती खोके निघतील आणि तुकडे किती उरतील, हे आमचे मालक आजवर डोक्यात करायचे. करार करताना कोड आमच्या ताब्यात राहील हे लिहून घेतलं. तेवढं विसरू नका.

पहिल्या महिन्यात चूक झाली ती माझीच. सुरुवातीचा साठा प्रत्यक्ष न मोजता वहीवरून चढवला. आठ दिवसांत पत्रा शिल्लक नाही म्हणून नोंदी अडू लागल्या आणि कुणीतरी `Allow Negative Stock` चालू केलं. साठा उणे दिसू लागला की समजायचं, माणसं खरी हालचाल लिहीत नाहीत, नोंद कशीबशी पुढे ढकलताहेत. रविवारी सगळा माल मोजला, आकडे दुरुस्त केले आणि ती खूण काढली.

सर्व्हर आमचाच असल्याने रोज रात्री हा आदेश चालतो:

```
bench --site erp.local backup --with-files
```

त्याची एक प्रत कारखान्याबाहेर जाते. तीन महिन्यांतून एकदा मी ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो. काका मात्र रोज सकाळी एकच पान उघडतात: मडकईला किती नग आहेत.