डायलिसिसच्या पेशंटची बाटली

“पाणी आणि सगळं पातळ मिळून दिवसाला 700 मिलीच” एवढं सांगून घरच्यांना अंदाज येत नाही. (आकडा डॉक्टरच ठरवतात, बहुधा आदल्या दिवशीची लघवी, समजा 200 मिली, अधिक 500.) सकाळी तेवढं पाणी बाटलीत भरा. पेशंटने अर्धा कप चहा घेतला की बाटलीतलं अर्धा कप कुंडीत ओता. आमटी, ताक, बर्फ, गोळीसोबतचा घोटसुद्धा यातच धरा. दुपारीच बाटली रिकामी होत असेल तर आधी लोणचं-पापड बघा, तहान मिठाने लागते. पण म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. साधंच मीठ, पण निम्मं. सैंधवही शेवटी मीठच. पोटॅशियम बटाट्यातही असतं, म्हणून तो सोलून, चिरून भरपूर पाण्यात उकडा. ते पाणी मोरीत, रश्शात नाही.