कॉर्टिसॉल चढलेलं पण कुशिंग दिसत नाही: यूकेत एंडोक्राइनला नवीन आलेल्यांसाठी

घर, बँक, रोटा हे सांगायला इथे पुष्कळ सीनियर भेटतील, त्यामुळे ते सोडतो आणि क्लिनिकमधलं एकच प्रकरण घेतो, कारण आपल्याकडून शिकून आलेला माणूस इथे हमखास अडखळतो. आपल्या ओपीडीत काय दिसायचं आठवा. गोल झालेला चेहरा, पोटावर जांभळे पट्टे, आणि कॉर्टिसॉल तळाला, कारण पेशंट कुणाकडून तरी दम्याच्या नाहीतर सांधेदुखीच्या पुड्या घेत होता आणि त्यात स्टेरॉइड होतं. इथे कधीतरी बरोब्बर उलटा पेशंट येईल, म्हणजे कॉर्टिसॉल छताला आणि चेहरा, कातडी, दंडाचे-मांडीचे स्नायू सगळं ठीकठाक. तेव्हा ग्लुकोकॉर्टिकॉइड रेझिस्टन्स आठवायला हवा, तेच हे प्रकरण.

आधी युनिटची सवय करून घ्या. इथे कॉर्टिसॉल nmol/L मध्ये येतं, आपल्या µg/dL ला २७.६ ने गुणायचं, म्हणजे १ मिग्रॅ डेक्सानंतरचा आपला १.८ चा कटऑफ इथे ५० होतो. हे डोक्यात बसेपर्यंत पहिले काही आठवडे प्रत्येक रिपोर्ट भयंकर वाटतो.

आता एक केस घेऊ, दोनतीन पेशंट मिसळून बनवलेली आहे. २९ वर्षांची बाई, जीपीने पाठवलीये, बीपी १५८/९८, पोटॅशियम ३.१, हनुवटीवर केस, पाळी अनियमित, सतत थकवा. सकाळचं कॉर्टिसॉल ८९०, एसीटीएच वरच्या मर्यादेच्या थोडं पुढे, २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल तिप्पट, १ मिग्रॅ डेक्सानंतर ४१०. कागदावर हा सरळ कुशिंग आहे आणि एसीटीएच दबलेलं नाही म्हणजे पिट्युटरी, असं म्हणून तुमचा हात एमआरआयच्या फॉर्मकडे जाणार. तिथेच थांबा आणि पेशंटकडे बघा. सहज निळे डाग पडत नाहीत, खुर्चीवरून हात न टेकता उठते, साखर नॉर्मल, हाडांची घनता वयाला छान. एवढं कॉर्टिसॉल खरंच पेशींना जाणवत असतं तर यातलं काहीतरी बिघडलं असतं ना?

ते पेशींना पुरेसं जाणवतच नाहीये. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचा जीन NR3C1, पाचव्या क्रोमोसोमवर, त्यात बदल असला की रिसेप्टर कॉर्टिसॉलला नीट धरत नाही किंवा धरून डीएनएवर काम करत नाही. हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीतही तोच रिसेप्टर, त्यामुळे त्यांना वाटतं कॉर्टिसॉल कमी आहे, मग एसीटीएच वाढतं आणि ॲड्रिनलला जुंपलं जातं. वाढलेल्या कॉर्टिसॉलने अर्धवट बहिरा रिसेप्टर कसाबसा भागवून नेतो, म्हणून कुशिंगही नाही आणि ॲड्रिनल फेल्युअरही नाही. घोळ होतो तो बाकीच्या रिसेप्टरांचा, कारण ते धडधाकट आहेत. एसीटीएचच्या रेट्याने डीऑक्सीकॉर्टिकोस्टेरॉन आणि ॲड्रिनलचे अँड्रोजेन पण वाढतात, शिवाय कॉर्टिसॉल इतकं होतं की किडनीत त्याला निष्क्रिय करणारं एन्झाइम पुरं पडत नाही आणि ते मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरवर जाऊन बसतं. म्हणून बीपी वर, पोटॅशियम खाली, आणि रेनिन-अल्डोस्टेरॉन दोन्ही दबलेले. आपल्या बाईचे दोन्ही दबलेलेच निघाले, आणि हनुवटीवरचे केस अँड्रोजेनमुळे. ही जोडी सापडली की संशय पक्का धरायचा.

हे पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं ते १९७६ मध्ये, नेदरलँड्समधल्या एका कुटुंबावरून. पुढे १९९१ मध्ये त्याच कुटुंबात रिसेप्टरच्या ६४१ व्या जागी ॲस्पार्टिक ॲसिडऐवजी व्हॅलिन सापडलं. ज्याच्या दोन्ही प्रती बदललेल्या होत्या त्याला बीपी आणि पोटॅशियमचा त्रास, आणि एकच प्रत बदललेल्या नातेवाइकांचं बरंच सौम्य. पण एक प्रत म्हणजे सौम्यच असं गृहीत धरू नका, ५५९ व्या जागचा एक बदल चांगल्या प्रतीच्या कामातही अडथळा आणतो आणि एकच प्रत असून पेशंटला त्रास होतो.

जीन टेस्ट मागवायच्या आधी मात्र खोटं रेझिस्टन्स काढून टाका, आणि यात आपल्या लोकांनी रिफॅम्पिसिन विसरू नये. टीबीचं औषध, कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन ही लिव्हरमध्ये डेक्सामेथासोन भराभर जाळतात, मग सप्रेशन होत नाही आणि रिसेप्टरवर उगाच आळ येतो. त्याच नमुन्यात डेक्साची लेव्हल मागा, गोळी घेतली होती का तेही कळतं. इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या चालू असतील तर बाइंडिंग ग्लोब्युलिन वाढून एकूण कॉर्टिसॉल फुगतं, अशा वेळी लघवी आणि रात्रीची लाळ जास्त खरं बोलतात. दारू आणि डिप्रेशनबद्दलही सरळ विचारा, इथले पेशंट विचारलं की सांगतात. आपल्या बाईची डेक्सा लेव्हल चांगली होती, गोळ्या कसल्याच नव्हत्या.

मग दिवसभराची लय बघायची. कुशिंगमध्ये ती सपाट होते, इथे सगळी पातळी वर सरकलेली असते पण सकाळी जास्त रात्री कमी हा उतार टिकतो. रात्रीची लाळ यात पण ॲबनॉर्मल येऊ शकते, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर निकाल देऊ नका, सकाळशी तुलना करा. डेक्साचा डोस वाढवत नेला की कॉर्टिसॉल शेवटी दबतं, फक्त नेहमीपेक्षा जास्त डोस लागतो. पिट्युटरीच्या कुशिंगमध्येही मोठ्या डोसला बऱ्याचदा दबतं, म्हणून ही टेस्ट एकटी पुरत नाही. आणि एमआरआयमध्ये ४ मिमीचा ठिपका दिसला तर लगेच हुरळून जाऊ नका, असे ठिपके निरोगी माणसांतही सापडतात आणि नको ते ऑपरेशन याच वळणावर होतं. उलट बाजूही आहे, त्या ५५९ वाल्या पेशंटमध्ये आधी रेझिस्टन्स होता आणि पुढे खरोखरच एसीटीएच बनवणारी पिट्युटरीची गाठ झाली. म्हणजे निदान झालं तरी फॉलो-अप सोडायचा नाही, नवीन लक्षणं आली की परत विचार करायचा.

सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे आईवडील आणि भावंडांचं सकाळचं कॉर्टिसॉल. आपल्या बाईच्या वडिलांचं ७६०, त्यांना कधी काही झालंच नव्हतं, फक्त बीपीची गोळी चालू होती. यानंतर NR3C1 चं सिक्वेन्सिंग. रिपोर्टमध्ये अर्थ न लागलेला व्हेरियंट आला तर कुटुंबात तो आजाराबरोबर चालतो का हे तपासा. आणि N363S किंवा ER22/23EK सारखे बऱ्याच लोकांत असणारे बदल दिसले तर त्यावर हे निदान ठोकू नका, ते संवेदनशीलता थोडी वरखाली करतात, असं चित्र त्यांनी होत नाही.

उपचार: लक्षणं नाहीत तर काही द्यायचं नाही, वडिलांना बीपीपलीकडे काही नाही. बाईसाठी डेक्सामेथासोन, साधारण १ ते ३ मिग्रॅ रोज, कारण ते मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला जवळजवळ हात लावत नाही आणि एसीटीएच खाली आणतं. डोस ठरवताना कॉर्टिसॉलचा आकडा पुस्तकातल्या रेंजमध्ये आणायच्या मागे लागलात तर तुम्हीच तिला कुशिंग द्याल. बीपी, पोटॅशियम, अँड्रोजेन बघत हळूहळू जायचं, आणि वजन, साखर, हाडं यांच्यावर नजर ठेवायची. प्रश्न फक्त बीपी-पोटॅशियमचा असेल तर स्पायरोनोलॅक्टोनने भागू शकतं. मूल हवं असेल तर आधीच बोला, डेक्सामेथासोन प्लासेंटातून बाळापर्यंत जातं आणि स्पायरोनोलॅक्टोनही तेव्हा चालत नाही.

शेवटी जीपीच्या पत्रात ठळक लिहा: कॉर्टिसॉल जास्त असणं हे या पेशंटचं नेहमीचं आहे, कुशिंग म्हणून परत वर्कअप सुरू करू नये, आणि डेक्सा एकदम बंद करू नये. ते पत्र पेशंटलाही जातं, त्यामुळे तिला कळेल अशा भाषेत लिहा.