वाटेत विमान बदलताय? तिकीट काढण्याआधी एवढं तपासा

ट्रान्झिटचे नियम किचकट वाटतात, पण प्रश्न मुळात एकच असतो: मधल्या विमानतळावर तुम्ही इमिग्रेशनच्या अलीकडेच राहणार आहात, की काउंटर ओलांडून त्या देशात शिरणार आहात? अलीकडेच राहणार असाल तर बऱ्याच ठिकाणी काहीच लागत नाही, काही ठिकाणी एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागतो. पलीकडे जायचं असेल तर त्या देशात प्रवेशाची परवानगी हवीच, मग ते तासाभरासाठी का असेना. अमेरिकेत तर ही निवडच नाही. तिथे फक्त विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन पार करावं लागतं, म्हणून व्हिसाही लागतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. समजा कॅनडाचा व्हिसा पासपोर्टवर आहे आणि स्वस्त पडलं म्हणून फ्रँकफर्ट, तिथून लिस्बन, तिथून टोरांटो असं एकच तिकीट काढलं. कॅनडाचा वैध व्हिसा असलेल्याला शेंगेनमधल्या एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसातून सूट आहे, हे खरं. पण ती सूट विमानतळाच्या ट्रान्झिट भागात थांबण्यापुरतीच आहे. फ्रँकफर्ट ते लिस्बन हा प्रवास शेंगेनच्या आतला, म्हणजे देशांतर्गत विमानासारखा. त्यामुळे इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच पार करावं लागतं आणि त्यासाठी पूर्ण शेंगेन व्हिसा, म्हणजे सी प्रकारचा, लागतो. बॅग थेट टोरांटोपर्यंत जाते, म्हणून माणूसही तसाच जाईल असं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. हाच प्रवास फ्रँकफर्टहून थेट टोरांटो असा केला, तर शेंगेनचा एकच विमानतळ लागतो आणि ट्रान्झिट भागातूनच पुढचं विमान पकडता येतं.

दोन शेंगेन विमानतळांचंच तिकीट घ्यायचं असेल, तर व्हिसासाठी वेळ ठेवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावा लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, कागदपत्रांची जास्त तपासणी झाली तर 45 पर्यंत. जून 2024 पासून प्रौढांसाठी फी 90 युरो आहे. नुसत्या ट्रान्झिटसाठी अर्ज करताना शेंगेनमध्ये पहिल्यांदा जिथे शिरणार त्या देशाच्या वकिलातीकडे करायचा, म्हणजे वरच्या उदाहरणात जर्मनीकडे. तिकिटात वाचलेले पैसे बहुतेक वेळा इथेच संपतात.

ब्रिटनचा व्हिसा असलेल्यांनी एक लक्षात ठेवा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिथला व्हिसा या शेंगेन सवलतीच्या यादीत नाही. जुन्या लेखांमध्ये अजून उलटं लिहिलेलं सापडतं.

दुसरी अडचण वेगवेगळ्या तिकिटांची. दोन विमानं दोन स्वतंत्र बुकिंगमध्ये असतील, तर बरेचदा पहिली कंपनी बॅग मधल्या विमानतळापर्यंतच टॅग करते. मग ती बॅग पट्ट्यावर येते, पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो आणि बॅग पुन्हा चेक-इन करायची म्हणजे देशात प्रवेश करणं आलं. कागदोपत्री ट्रान्झिट व्हिसा लागत नसला तरी इथे प्रवेशाचा व्हिसा लागतो. चेक-इनच्या वेळी टॅगवरची तीन अक्षरं वाचा: टोरांटोला जायचंय आणि टॅगवर YYZ ऐवजी FRA दिसलं, तर बॅग फ्रँकफर्टलाच उतरणार. पुढचा बोर्डिंग पासही निघतानाच्या काउंटरवरच मागून घ्या. फक्त केबिन बॅग असेल तर हा प्रश्न बराच सुटतो, पण बोर्डिंग पास ट्रान्झिट भागातच मिळेल ना, आणि टर्मिनल बदलायला बाहेर पडावं लागत नाही ना, हे आधी विचारून घ्या.

तुम्हाला अडवलं जातं ते मधल्या देशात नव्हे, निघतानाच्या काउंटरवर. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला होतो, म्हणून कर्मचारी टिमॅटिक नावाच्या यादीत तुमचा पासपोर्ट आणि प्रत्येक थांबा तपासतात. तीच माहिती आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या ट्रॅव्हल सेंटर या संकेतस्थळावर आणि अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर बघता येते. तिथे प्रत्येक थांबा वेगळा टाका आणि तिकिटाचे पैसे भरण्याआधी टाका. देश हे नियम मधूनच बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा. विमान कंपनीने बुकिंग दिलं म्हणजे मार्ग तुम्हाला चालतो असं नाही. बुकिंग करताना कोणी व्हिसा तपासत नाही. काउंटरवर अडवलं आणि पहिलं विमान सुटलं, तर त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पेही साधारणपणे रद्द होतात.

पुढचं विमान चुकलं किंवा रात्रभर रखडलं, तर प्रवेशाचा व्हिसा नसलेल्याला कंपनीने दिलेल्या बाहेरच्या हॉटेलात सहसा जाता येत नाही. रात्र टर्मिनलमध्येच काढावी लागते. औषधं, चार्जर, एक उबदार कपडा आणि लहान मुलांचं सामान मोठ्या बॅगेत टाकू नका. ती बॅग तुमच्या हाती लागेलच असं नाही.